बेचाळीस मिलिमीटरचे दोन दिवस

माण-सांगोला पट्ट्यातल्या एका छोट्या पाणलोटासाठी जमिनीची धूप किती होते याचा अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मातीचे नमुने, उताराचा नकाशा आणि पिकांची माहिती हाताशी होती. अडलं ते पावसापाशी. धुपीच्या समीकरणात, म्हणजे यूएसएलईमध्ये, पहिलाच घटक असतो पावसाची धूपकारकता, R. तो काढायला प्रत्येक पावसाची तीव्रता लागते, म्हणजे कोणत्या अर्ध्या तासात तो किती जोरात कोसळला ते. माझ्याकडे होती १९९१ ते २०२० अशी तीस वर्षांची तालुक्याच्या पर्जन्यमापकाची वही. तिच्यात रोज सकाळी साडेआठला मोजलेला एक आकडा, बाकी काही नाही.

अशा वेळी सगळे करतात तेच मीही आधी केलं. वार्षिक पावसावरून R देणारं एक भारतीय सूत्र आपल्याकडे सर्रास वापरलं जातं: `R = 79 + 0.363 P`. P म्हणजे वर्षाचा पाऊस. आकडा दोन मिनिटांत निघाला आणि लगेच खटकलाही. वहीत जवळजवळ सारखा पाऊस झालेली दोन वर्षं होती. एकात तो चाळीसेक दिवसांत रिमझिम करत पडला होता आणि दुसऱ्यात निम्म्याहून अधिक पाऊस सात-आठ दिवसांत कोसळला होता. त्या दुसऱ्या वर्षी ताली फुटल्याचं गावात आजही सांगतात. सूत्राच्या लेखी दोन्ही वर्षं एकच. म्हणून मी रोजच्या आकड्यांकडे वळलो.

रोजच्या पावसावरून धूपकारकता काढायच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण बहुतेकांचा गाभा एकच असतो:

```
EI30 (दिवसाची) = α × P^β     (P ≥ 12 मिमी)
```

EI30 म्हणजे पावसाची ऊर्जा गुणिले त्याच्या सर्वांत जोराच्या अर्ध्या तासाची तीव्रता, I30. दिवसांच्या EI30 ची वर्षभराची बेरीज म्हणजे R. P हा त्या दिवसाचा पाऊस. बारा मिलिमीटरच्या खालचे दिवस सोडून देतात, कारण तेवढ्या पावसात माती सहसा वाहत नाही. β एकापेक्षा मोठा असतो, कारण मोठा पाऊस नुसता जास्त नसतो, बहुधा जोराचाही असतो. मी चीनमधल्या नोंदींवरून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले गुणांक घेतले: β १.७२६५, आणि α मे ते सप्टेंबरसाठी ०.३९३७, ऑक्टोबर ते एप्रिलसाठी ०.३१०१. उत्तर मेगाज्यूल-मिलिमीटर प्रति हेक्टर-तास या एककात येतं. एककाचा उल्लेख मुद्दाम करतोय. अमेरिकन जुन्या एककातला R या एककात आणायला १७.०२ ने गुणावं लागतं, आणि टन-मीटर व सेंटिमीटर घेऊन शंभराने भागलेला जुना मेट्रिक R असेल तर ९.८१ ने. सूत्रासोबत एकक लिहिलेलं नसेल तर ते सूत्र मी आता हातात घेत नाही.

गणित सुरू करण्याआधी वही तपासण्यात दोन आठवडे गेले, आणि ते दोन आठवडे नसते तर पुढचं सगळं चुकलं असतं. मी सगळे पावसाचे दिवस वारांप्रमाणे वेगळे केले. पाऊस काही वार बघून पडत नाही, त्यामुळे प्रत्येक वाराच्या वाट्याला साधारण एक सप्तमांश दिवस यायला हवेत. तीस वर्षांची एकत्र बेरीज केली तर तसंच दिसत होतं. पण पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडल्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या काही वर्षांत रविवार जवळजवळ कोरडे निघाले आणि सोमवार फुगलेले. सुट्टीच्या दिवशी कुणी मोजायला गेलं नव्हतं. मापकात साठलेलं पाणी सोमवारी एकदमच मोजलं गेलं. वार्षिक बेरजेला याने काही फरक पडत नाही, म्हणून ही चूक कुणाच्या लक्षात आली नव्हती. घाताच्या सूत्रात मात्र ती भयंकर आहे. समजा लागोपाठ तीन दिवस २०, १५ आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला. प्रत्येकाचा १.७२६५ वा घात काढून बेरीज केली तर ५४३ येते. तेच साठ मिलिमीटर एका दिवसाच्या नावावर लिहिले तर ११७५. पाऊस तेवढाच, धूपकारकता दुपटीहून जास्त. असे सोमवार मी शोधून काढले आणि शेजारच्या दोन मापकांवर त्या दिवसांत पाऊस ज्या प्रमाणात विभागला होता, त्याच प्रमाणात ते फोडले. जिथे शेजारीही नोंद नव्हती, ते आठवडे गाळले.

दुसरी बारीक गोष्ट तारखेची. बावीस तारखेच्या सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस बावीसच्या नावावर लागतो, पण त्यातला बराचसा एकवीसच्या संध्याकाळचा असतो. काही वर्षं वहीत तो आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहिला होता. नुसती R ची बेरीज करताना याने बिघडत नाही, पण पुढे दुसऱ्या नोंदींशी दिवस जुळवायचे असतील तर सगळं एका दिवसाने सरकतं. मला ते पुढेच समजलं.

वही साफ झाल्यावर उसन्या गुणांकांनी R काढला. तीस वर्षांची सरासरी साधारण २१३० आली. आकडा अशक्य वाटावा असा नव्हता, त्यामुळे मी तिथेच थांबलो असतो. थांबलो नाही ते गावातल्या एका आजोबांमुळे. मी बांधावर बसून त्यांना विचारत होतो की कोणत्या महिन्यात ओघळी पडतात. ते म्हणाले, "लेका, तरण्या-म्हाताऱ्याचा पाऊस माती भिजवतो. माती नेतो तो उत्तरा-हस्ताचा." तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, म्हणजे जुलैचा पाऊस. उत्तरा आणि हस्त म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा. मी मनाशी माझं सूत्र आठवलं. ऑक्टोबरला ते कमी α देत होतं, कारण चीनमध्ये ऑक्टोबर म्हणजे थंडीची सुरुवात. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे दुपारभर तापून संध्याकाळी गडगडाटासह कोसळणारा परतीचा पाऊस. सूत्र आणि आजोबा एकमेकांच्या बरोबर उलट बोलत होते.

मग शोध सुरू झाला तीव्रतेच्या नोंदींचा, कुठल्याही, कितीही थोड्या. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या एका शेतकी शाळेत पूर्वी स्वयंनोंद पर्जन्यमापक होता. त्याच्या चार हंगामांच्या आलेखपट्ट्या एका पेटीत सुतळीने बांधून ठेवलेल्या मिळाल्या. अशा मापकात पाऊस साठेल तशी पेनाची रेघ वर चढते, दहा मिलिमीटरला पोचली की सायफनने पाणी निघून जातं आणि रेघ सरळ खाली शून्यावर येते. रेघ जितकी उभी तितका पाऊस जोराचा. रिमझिम असेल तर ती डोंगराच्या सौम्य उतारासारखी दिसते आणि वळीव असेल तर करवतीच्या दातांसारखी.

भिंग घेऊन पट्टी वाचायची, जिथे रेघेचा उतार बदलतो तिथे खूण करायची, प्रत्येक तुकड्याची मिनिटं आणि मिलिमीटर लिहायचे. सायफन रिकामा होतानाचा पाऊस नोंदला जात नाही, त्यामुळे जोराच्या पावसात पट्टीवरची बेरीज साध्या मापकापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी भरायची. ती तूट मी उभ्या तुकड्यांमध्ये वाटली, कारण ती तिथेच झालेली असते. तारखा एका दिवसाने सरकल्याचं लक्षात आलं तेही इथेच.

त्या पेटीतले दोन दिवस मी इथे उलगडून दाखवतो, कारण सगळा प्रश्न त्या दोघांत आहे. दोन्ही दिवशी साध्या मापकात ४२ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. पहिला दिवस सप्टेंबरच्या अखेरचा. दुपारी चार चाळीसला सुरुवात. पहिल्या वीस मिनिटांत १६ मिलिमीटर, पुढच्या दहा मिनिटांत १२, त्यानंतरच्या अर्ध्या तासात ८ आणि मग दीड तास रेंगाळत ६. तीव्रतेत सांगायचं तर ताशी ४८, ७२, १६ आणि ४ मिलिमीटर. प्रत्येक तुकड्याची ऊर्जा काढायला मी यूएसएलईच्या सुधारित आवृत्तीतलं, म्हणजे आरयूएसएलई-२ मधलं समीकरण वापरलं:

```
e = 0.29 × [1 − 0.72 × exp(−0.082 × i)]
```

i म्हणजे ताशी मिलिमीटर, e म्हणजे दर मिलिमीटरमागे हेक्टरी मेगाज्यूल. जुन्या आवृत्तीत ०.०८२ च्या जागी ०.०५ असतो, तेव्हा कोणता घेतला ते लिहून ठेवायचं आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा. चार तुकड्यांची ऊर्जा अनुक्रमे ४.५८, ३.४७, १.८७ आणि ०.८४ आली, एकूण १०.७६. सर्वांत जोराच्या अर्ध्या तासात १६ अधिक १२ म्हणजे २८ मिलिमीटर, म्हणून I30 ताशी ५६. गुणाकार केला तर त्या संध्याकाळची धूपकारकता ६०२.

दुसरा दिवस ऑगस्टमधला. बारा तास ताशी ३ मिलिमीटरने भिजभिज, मध्ये पाऊण तास जरा जोर, ताशी ८. छत्तीस अधिक सहा, बेचाळीस. ऊर्जा ५.६५, I30 फक्त ८, धूपकारकता ४५.

एकीकडे ६०२, दुसरीकडे ४५. तेरापटीचा फरक. आणि उसन्या सूत्राला दोन्ही दिवशी फक्त ४२ हा आकडा दिसतो, म्हणून ते दोघांनाही २५० देतं. पट्टी समोर ठेवून हे गणित मी तीनदा केलं. आजोबा जे म्हणाले ते पेनाच्या रेघेत उमटलेलं होतं, आणि माझ्या सूत्रात त्याला जागाच नव्हती.

अशा सूत्रांमध्ये ऋतूप्रमाणे α बदलायची सोय असते. पण ती बहुधा एकाच लाटेची असते: वर्षातून एकदा उंच, एकदा खाली. ऑस्ट्रेलियासाठी बसवलेल्या सूत्रातही असाच एक कोसाइन आहे, त्याचं टोक तिथल्या उन्हाळ्यात येतं. ज्या मुलखात गडगडाटी पावसाचा एकच मोसम असतो तिथे ते शोभतं. आमच्या पर्जन्यछायेत जोराच्या पावसाची दोन टोकं आहेत. एक वळवाचं, मे-जूनमध्ये, आणि एक परतीचं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्री ओलांडून उरलेले ढग भुरभुर करत जातात. एक लाट कशीही सरकवली तरी ती दोन टोकांवर एकदम बसत नाही. त्यामुळे लाट सोडून मी वर्षाचे सरळ तीन तुकडे केले, आणि कापायच्या तारखा नक्षत्रांवरून घेतल्या. मृग संपेपर्यंतचा पहिला तुकडा, म्हणजे २१ जूनपर्यंत. आर्द्रा ते मघा हा दुसरा, साधारण ३० ऑगस्टपर्यंत. पूर्वा लागल्यापासून पुढचा सगळा तिसरा. पट्ट्यांवरचे आकडे तारखेप्रमाणे मांडले तेव्हा स्वभाव बदलतो तो जवळपास याच जागी, म्हणून या तारखा ठेवताना मन कचरलं नाही.

चार हंगामांत बारा मिलिमीटर आणि त्याहून जास्त पावसाचे ५८ दिवस मिळाले: पहिल्या तुकड्यात ११, मधल्यात १८, शेवटच्यात २९. एवढ्या थोड्या दिवसांवर α आणि β दोन्ही बसवायला गेलो असतो तर एखाद-दुसऱ्या मोठ्या पावसाने β हवा तसा ओढला असता. म्हणून β उसनाच ठेवला, १.७२६५, आणि फक्त α माझ्या पट्ट्यांवरून काढला.

इथे एक चूक केली होती ती सांगतो. पहिल्यांदा मी दोन्ही बाजूंचा लॉग घेऊन त्यावरून α काढला. ठिपक्यांचं चित्र छान दिसत होतं. पण त्या α ने पुन्हा ५८ दिवसांची धूपकारकता काढून बेरीज केली, तर ती पट्ट्यांच्या बेरजेपेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी कमी. कारण असं की लॉगमध्ये सगळे दिवस सारख्या वजनाचे होतात. दहाची चूक आणि हजाराची चूक प्रमाणात सारखी असेल तर सारखीच धरली जाते, आणि उलटं फिरवताना मिळते ती सरासरी नसून मधली किंमत असते. आपल्याला तर वर्षाची बेरीज हवी असते आणि ती मूठभर मोठ्या दिवसांनी बनते. म्हणून लॉग सोडला आणि साधा भागाकार केला: त्या तुकड्यातल्या दिवसांच्या पट्टीवरून काढलेल्या EI30 ची बेरीज, भागिले त्याच दिवसांच्या P^β ची बेरीज. बेरीज आपोआप जुळते. एखादा पाऊस सकाळी साडेआठच्या आरपार गेला असेल तर त्याची ऊर्जा दोन दिवसांत विभागून, I30 मात्र पूर्ण पावसाचा ठेवून हिशेब धरला. वहीतला दिवस जिथे तुटतो तिथेच माझाही तुटायला हवा, नाहीतर या पट्ट्यांवरचा α त्या वहीला लागू पडणार नाही.

पहिल्या तुकड्याचा α ०.६६ आला, शेवटच्याचा ०.६१. पहिल्यात दिवस अकराच, तेव्हा एवढ्या फरकावर विसंबण्यात अर्थ नव्हता. दोन्ही एकत्र केले तर ०.६२. मधल्या तुकड्याचा ०.१९. उसना आकडा, ०.३९३७, या दोघांच्या बरोबर मध्ये कुठेतरी, म्हणजे दोन्हीकडे चुकीचा.

मग तीस वर्षांच्या वहीकडे परत. दर वर्षाची सरासरी P^β ची बेरीज पहिल्या तुकड्यात १२००, मधल्यात १५००, शेवटच्यात २९००. त्यांना आपापल्या α ने गुणलं तर ७४४, २८५ आणि १७९८. एकूण R साधारण २८३०. उसन्या गुणांकांनी २१३० आला होता, म्हणजे एकूण आकडा एक तृतीयांशाने वाढला. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वाटणीत झालेला बदल. आधी मधल्या आर्द्रा-ते-मघा काळाच्या वाट्याला २८ टक्के येत होते, आता १०. पूर्वापासून पुढच्या काळाला आधी ५०, आता ६४.

यावर किती विश्वास ठेवायचा हे तपासायला मी एकेक हंगाम बाजूला ठेवून उरलेल्या तिघांवर α काढला आणि बाजूला ठेवलेल्या हंगामाची बेरीज ताडून पाहिली. चारही वेळा चूक ८ ते २३ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. हंगामाच्या बेरजेसाठी हे मला चालण्यासारखं वाटतं. एका दिवसासाठी मात्र हे सूत्र वापरू नये. तेच दोन दिवस पुन्हा घ्या: सप्टेंबरच्या दिवसाला नवं सूत्र ३९४ देतं, खरा आकडा ६०२. ऑगस्टच्या दिवसाला १२१, खरा ४५. आधीच्यापेक्षा दोन्ही जवळ सरकले, योग्य बाजूला सरकले, तरी अजून लांब आहेत. एकट्या ४२ या आकड्यात जी माहिती मुळात नाही ती कोणत्याही गुणांकाने येणार नाही. कुणी विचारलं की अमुक तारखेच्या पावसात किती माती गेली, तर या पद्धतीने उत्तर देता येत नाही, आणि मी दिलंही नाही. शिवाय ०.६२ आणि ०.१९ हे आकडे या पट्ट्याचेच आहेत. महाबळेश्वर किंवा चिपळूणच्या वहीला ते लावले तर काही अर्थ निघणार नाही, तिथला जुलै वेगळा.

आमच्याकडे या वाटणीचा परिणाम थेट रानावर दिसतो. इथे मुख्य पीक शाळू. खोल काळं रान खरिपात पेरत नाहीत. पावसाळाभर कुळवून मोकळं ठेवतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून पेरतात. म्हणजे उत्तरा-हस्ताचा पाऊस येतो तेव्हा जमिनीवर एक तर काहीच नसतं किंवा चार पानांचं कोंब असतं. धुपीच्या समीकरणात पिकाच्या आच्छादनाचा घटक काढताना प्रत्येक काळातल्या आच्छादनाला त्या काळातल्या धूपकारकतेच्या टक्क्यांनी वजन देतात. उसन्या वाटणीने पूर्वापासून पुढच्या काळाला निम्मं वजन मिळत होतं, आता जवळपास दोन तृतीयांश मिळालं. काळ्या रानाची धूप वाढली. मुरमाड माळावर, जिथे बाजरी जूनमध्येच पेरली जाते आणि ऑगस्टअखेर रान झाकलेलं असतं, तिथे वाढ त्या मानाने कमी राहिली. पहिल्या आराखड्यात आम्ही बहुतेक पैसे माळावरच्या चरांसाठी धरले होते.

तो आराखडा बदलला. काळ्या रानातल्या शेवटच्या कुळवणीचे तास उताराला आडवे घालायचे, आणि तालींचे सांडवे गणपती बसायच्या आत मोकळे करायचे, असं ग्रामसभेत ठरलं. अहवालात R च्या रकान्यात मी एकाऐवजी तीन आकडे लिहिले, तीन काळांचे, आणि खाली कोणता α कुठल्या किती दिवसांवरून आला ते. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर आता दर ०.२ मिलिमीटरला एकदा कलंडणारा, वेळ नोंदवणारा मापक बसवला आहे. पहिला हंगाम पूर्ण झाला की त्या ५८ दिवसांत पंधरा-वीस दिवसांची भर पडेल, आणि पहिल्या तुकड्याचे ०.६६ आणि शेवटच्याचे ०.६१ वेगळे ठेवायचे की एकत्रच, ते तेव्हा पाहता येईल.